रेझ्युमेतल्या चुका: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रति,
समन्वयक, प्लेसमेंट सेल



उलव्यातल्या आमच्या कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात न्हावा शेवा बंदरातल्या मालाची कागदपत्रं तयार होतात. डॉक्युमेंटेशनच्या जागांसाठी तुमच्या मुलांचे रेझ्युमे वाचले. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, म्हणून हे पत्र.

इंटर्नशिपमध्ये हातून ‘किरकोळ’च काम झालं असेल, तर ते भारदस्त शब्दांत झाकावं, असा मुलांचा पक्का समज आहे. बी.कॉम.च्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘आयात-निर्यात दस्तऐवज व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळली.’ यावरून तिला काय येतं, ते काहीच कळेना. फोनवर विचारलं, तेव्हा उलगडलं. दोन महिने ती इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग शेजारी ठेवून पेट्यांची संख्या, वजन, कंटेनर नंबर ताडून बघत होती. एकदा दोन कागदांवरचं वजन जुळेना. तिने ते लगेच वरिष्ठांना दाखवलं आणि बिल ऑफ एंट्री दाखल होण्याआधीच दुरुस्ती झाली. आमच्या धंद्यात हे मुळीच किरकोळ नाही. चूक दाखल झाल्यावर लक्षात आली, तर दुरुस्तीसाठी कस्टम्सकडे अर्ज करावा लागतो, माल अडकतो आणि कंटेनरचं भाडं चढत जातं. तिने एवढंच लिहायला हवं होतं: ‘आयातीच्या फायलींत इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट व बिल ऑफ लेडिंग ताडून पाहिले, वजनातली तफावत एंट्री दाखल होण्यापूर्वी निदर्शनास आणली.’ असं वाचलं की मुलाखतीत काय विचारायचं, ते आम्हाला आपोआप सुचतं.

‘ॲडव्हान्स एक्सेल’ हेही बहुतेकांच्या यादीत असतं. व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल येत असेल, तर तसंच लिहावं. नुसत्या बेरजा आणि फिल्टर येत असतील, तर तेही चालेल. बाकीचं आम्ही शिकवतो. खोटा दावा मात्र दहा मिनिटांच्या चाचणीत उघडा पडतो आणि मग खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

आकर्षक डिझाइनने छाप पडते, हा आणखी एक समज. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातात. दोन रकान्यांची मांडणी असेल, तर काही वेळा मजकुराची सरमिसळ होते. पान चित्र म्हणून सेव्ह केलेलं असेल, तर मजकूर वाचलाच जाईल याची खात्री नसते. तपासायला सोपं आहे: पीडीएफमधला मजकूर निवडून नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. नाव, फोन, शिक्षण क्रमाने उमटलं, तर फाइल ठीक. आमच्यासारख्या छोट्या ऑफिसात मात्र माणूसच वाचतो, त्यामुळे कीवर्ड कोंबून उपयोग नाही.

वडिलांचं नाव, धर्म हे लग्नाच्या बायोडेटातून उचललेले तपशील आणि आधार क्रमांक काढून टाकायला सांगा. आधार क्रमांक तर अनोळखी ईमेलवर जाताच कामा नये.

पुढची यादी पाठवण्याआधी प्रत्येकाला इंटर्नशिपच्या ओळीवर ‘म्हणजे नेमकं काय केलंस?’ एवढं विचारा. तोंडी जे उत्तर येईल, तेच रेझ्युमेत लिहायला लावा.

आपला,
भरती विभाग