संशोधनाचा आराखडा : भोर-वेल्ह्याच्या एका प्रश्नावरून

सामाजिक शास्त्रांत पीएच्. डी. करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळींच आपल्या नियोजित संशोधनाचा आराखडा लिहून द्यावा लागतो. तो बहुधा दीड ते तीन हजार शब्दांचा असतो. म्हणजे मासिकांतील एखाद्या मोठ्या लेखाएवढा. पण लेख आणि आराखडा यांत एक मूलभूत भेद आहे. लेखांत आपणांस जें ठाऊक आहे तें सांगावयाचें असतें. आराखड्यांत आपणांस जें ठाऊक नाहीं तें नेमकें कोणतें, आणि तें कोणत्या वाटेनें कळून येईल, हें सांगावयाचें असतें. हा भेद ध्यानांत न आल्यामुळें चांगल्या हुषार मुलांचे आराखडेहि परत येतात.

आपल्याकडील शास्त्रग्रंथांच्या आरंभीं विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगण्याची रीत होती. हिलाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. अर्थ किंचित् सैल करून घेतला, तर आजच्या आराखड्याचीं अंगेंहि हींच ठरतात. प्रश्न कोणता, त्याच्या उत्तरानें ज्ञानांत कोणती भर पडेल, पूर्वीच्या अभ्यासांशीं त्याचा संबंध काय, आणि हें काम करण्यास हा विद्यार्थी व ही संस्था योग्य आहे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलींत तोंडी परीक्षेच्या वेळीं तीन गोष्टी पाहाव्यात असें स्पष्ट म्हटलें होतें : उमेदवाराची पात्रता, तें काम त्या संस्थेंत होण्याजोगें आहे कीं नाहीं, आणि त्यांतून नव्या ज्ञानाची भर पडेल कीं नाहीं. समितीच्या सभासदांच्या मनांत आजहि हेच प्रश्न असतात.

नुसत्या नियमांनी हा विषय उलगडणार नाहीं. म्हणून एक उदाहरण घेऊं. भोरकडची एक विद्यार्थिनी समाजशास्त्राच्या प्रवेशासाठीं अर्ज करीत आहे, अशी कल्पना करा. तिनें प्रथम मथळा लिहिला : ‘भोर व वेल्हे तालुक्यांतील धरणग्रस्तांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा अभ्यास’. असे मथळे शेंकड्यांनीं लिहिले जातात आणि समितीला ते वाचतांक्षणींच ओळखूं येतात. यांत स्थळ आहे, माणसें आहेत, पण प्रश्न नाहीं. ‘स्थिति’ हा शब्द इतका व्यापक आहे, कीं काय सांपडलें असतां काम पुरें झालें हें कोणासच सांगतां येणार नाहीं.

शिवाय हे धरणग्रस्त एका जातीचे नव्हेत. भोर तालुक्यांतील भाटघरचें धरण १९२८ सालीं पुरें झालें. वेल्ह्याकडील पानशेतचें धरण अपुऱ्या स्थितींत असतांनाच १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें व पुढें पुन्हा बांधण्यांत आलें. नीरा-देवघर व गुंजवणी हीं धरणें त्यांच्या बरीच मागाहून झालीं. मध्यंतरीं १९७६ सालीं महाराष्ट्रांत प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. त्याच्या जागीं १९८६ व १९९९ चे कायदे आले. म्हणजे ज्याचें शेत १९२८ पूर्वीं गेलें त्याचा आणि ज्याचें शेत १९७६ नंतर गेलें त्याचा हक्क निरनिराळा होता. अशा सर्वांची सरासरी काढणें म्हणजे निरनिराळ्या रोग्यांचा ताप एकत्र मिळवून त्याला भाग देण्यासारखें आहे.

तेव्हां तिनें वेल्हे सोडलें, भाटघर सोडलें, आणि हिरडस मावळांतील एकटें नीरा-देवघर धरण घेतलें. नंतर ‘स्थिति’ सोडून एक प्रश्न घेतला : जमीन पाण्याखालीं गेलेल्या कुटुंबांतील वाटण्या धरणामुळें लवकर झाल्या काय? मोबदला किंवा पर्यायी जमीन हातीं आली, कीं भाऊ-भाऊ वेगळे होतात, असें गांवोगांव बोललें जातें. तें खरें आहे कीं नुसतें बोलणें आहे, हें तपासतां येण्याजोगें आहे. व्याप्ति कमी केल्यानें विषय लहान होतो अशी पुष्कळांची समजूत असते. येथें उलट झालें. दोन तालुके गेले, पण एकत्र कुटुंब कशानें मोडतें हा मोठा प्रश्न हातीं आला.

आतां पूर्वीच्या अभ्यासांशीं संबंध. येथें विद्यार्थी पंचवीस ग्रंथांचीं नांवें एकाखालीं एक लिहितात. समितीला त्याचा उपयोग नसतो. तिला पाहिजे असतो पूर्वपक्ष, म्हणजे आजवर काय सिद्ध झालें आणि कोठें येऊन थांबलें. इरावती कर्वे व जाई निंबकर यांनीं कोयनेच्या विस्थापितांची पाहणी केली. ती १९६९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें प्रसिद्ध केली. शेजारच्या मुळशीच्या सत्याग्रहावर राजेंद्र व्होरा यांचा ग्रंथ २००९ सालीं निघाला. ही झाली विस्थापनाची बाजू. कुटुंबाच्या बाजूनें आय. पी. देसाई यांनीं गुजरातेंतील महुवा गांवच्या अभ्यासांत असें दाखविलें, कीं चूल वेगळी झाली म्हणजे एकत्रपणा संपलाच असें नाहीं, आणि ए. एम. शहा यांनीं एका घरांत राहणारीं माणसें आणि कुटुंब या दोन कल्पना वेगळ्या ठेवण्याचा आग्रह धरला. या दोन बाजूंचे प्रवाह जेथें एकत्र यावयास हवेत, तेथें विद्यार्थिनीचा प्रश्न उभा आहे. एवढें दीड पानांत लिहिलें म्हणजे पुरे.

देसाईंच्या म्हणण्यावरून एक अडचणहि लक्षांत येते. वाटणी म्हणजे काय? चूल वेगळी होणें, कीं सातबाऱ्यावर नांवें वेगळीं होणें? बहुधा चूल आधीं वेगळी होते आणि कागद कित्येक वर्षांनीं होतो. केव्हां केव्हां कर्जासाठीं कागदावर वाटणी होते आणि जेवण एकत्रच राहतें. म्हणून आराखड्यांत दोन्ही तारखा टिपण्याचें ठरलें. कागदाची तारीख फेरफाराच्या नोंदवहींतून, म्हणजे गांव नमुना सहामधून मिळेल. चुलीची तारीख घरांतील वडील स्त्रियांकडून. त्यांना सन आठवत नाहीं, पण १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे आठवतात. त्याच्या मागें-पुढें विचारीत गेलें कीं साल जवळपास येतें. ज्या कायद्याखालीं जमीन मिळाली त्यांतील ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्याहि ताडून पाहिली पाहिजे. कारण कागदावर वेगळें होण्यांत लाभ असेल, तर कागद लाभाची साक्ष देईल, मनांतील फुटीची नव्हे.

यापुढें आराखड्याचा प्राण, म्हणजे पुरावा. धरणग्रस्त कुटुंबांत वाटण्या झालेल्या आढळल्या, एवढ्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. पुण्या-मुंबईच्या नोकऱ्यांमुळें सर्वत्रच वाटण्या होत आहेत. १९९४ सालीं महाराष्ट्रांत हिंदु कुटुंबांतील मुलींना वडिलार्जित मिळकतींत मुलांप्रमाणें हक्क मिळाला. त्याचाहि परिणाम झाला असेल. नैयायिक ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो येथें लागतो : कारण असतां कार्य होतें हें जसें दाखवावयाचें, तसेंच कारण नसतां तें होत नाहीं हेंहि दाखवावयाचें. म्हणून त्याच खोऱ्यांत पाण्याच्या रेषेच्या वर राहिलेलीं, जमीन न गेलेलीं कुटुंबें तुलनेसाठीं घ्यावीं. नोकऱ्या आणि नवा कायदा दोन्हीकडे सारखेच आले. धरणानें जमीन मात्र एकीकडचीच घेतली. धरणानंतर वाटण्यांचा वेग एकीकडेच वाढला असेल, तर म्हणण्याला बळ येईल. दोन्हीकडे सारखाच वाढला असेल, तर गांवचें बोलणें चुकीचें ठरेल. आराखड्यांत हा दुसरा निकाल आधींच लिहून ठेवणें हें प्रामाणिकपणाचें लक्षण समितीला फार आवडतें. वरच्या गांवांचेंहि चराऊ रान किंवा रस्ता धरणानें बदलला असेल. ही मर्यादाहि तेथेंच नमूद करावी.

कुटुंबें निवडावयाचीं कोठून? नव्या वसाहतींत जाऊन भेटतील तीं घेतलीं, तर जमीन विकून निघून गेलेलीं घरें गळतात. आणि वाटणी बहुधा त्यांच्यांतच अधिक झालेली असावयाची. म्हणून यादी भूसंपादनाच्या निवाड्यावरून करावी, आणि प्रत्येक पांचवें नांव घेऊन त्या माणसाचा शोध करावा, मग तो कोठेंहि असो. निवाड्यांत चारशें खातेदार असतील असें समजा. म्हणजे ऐंशीं कुटुंबें, आणि तुलनेचीं ऐंशीं. प्रत्येक घरीं दोन वेळां जावयाचें म्हणजे ३२० भेटी. दिवसाला दोन याप्रमाणें १६० दिवस. मावळांत आषाढ-श्रावणांत भाताच्या लावणीमुळें कोणाला बोलावयास सवड नसते व पाऊसहि पायवाट राहूं देत नाहीं. मार्गशीर्ष ते चैत्र हाच काळ, आणि जत्रा, लग्नें, आजार वजा जातां त्यांतील शंभर दिवस कामाचे. तेव्हां दोन हंगाम लागणार. २०२२ च्या नियमावलीप्रमाणें पीएच्. डी. ला निदान तीन वर्षें व सामान्यतः जास्तींत जास्त सहा वर्षें मिळतात, आणि आरंभीं बारा ते सोळा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. हिशेब बसतो. पहिल्या मथळ्याचा बसलाच नसता.

समिती आराखडा घेऊन बसते तेव्हां ती भाषेपेक्षां हीच सांखळी तपासते : या प्रश्नाला हा पुरावा पुरेल काय, हा पुरावा या माणसाला मिळेल काय, आणि एवढ्या काळांत मिळेल काय. एखादा सभासद विचारील, “निवाड्याची यादी तुम्ही पाहिली आहे काय?” ज्यानें एकदां तरी भूसंपादनाच्या कचेरींत जाऊन ती पाहिली आहे, त्याचें उत्तर वेगळेंच उमटतें. दुसरी एक गोष्ट आराखड्याच्या बाहेरची आहे. नियमाप्रमाणें एका वेळीं प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असूं शकतात. कुटुंब किंवा विस्थापन यांवर काम करणाऱ्या मार्गदर्शकाकडे जागा नसेल, तर उत्तम आराखडाहि नाकारला जातो. म्हणून अर्जाआधीं त्या विभागांत कोण काय शिकवितो व कोणाकडे जागा आहे याची चौकशी करावी. प्रवेश-परीक्षा घेणाऱ्या ठिकाणीं लेखी परीक्षेला सत्तर व मुलाखतीला तीस असें वजन असतें. पण लेखी गुण जवळजवळ असले म्हणजे निकाल त्या तिसांवरच लागतो.

प्रवेश मिळाल्यावर संशोधन सल्लागार समिती हा आराखडा पुन्हा तपासून विषय कायम करते. तेव्हां मथळा बदलेल, ऐंशींचीं साठ कुटुंबें होतील, कदाचित् धरणहि दुसरें घ्यावें लागेल. त्यानें बिघडत नाहीं. निवाड्याची यादी, फेरफाराची तारीख, वरच्या गांवांशीं तुलना आणि आपलें म्हणणें खोटें कशानें ठरेल तें वाक्य, हीं चार शाबूत राहिलीं, म्हणजे काम त्याच वाटेनें पुढें जातें.