यारीचे ब्रॅकेट आणि त्याचा वितळजोड

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग शहराला लागून भिलाई वसलेले आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने तेथे उभारलेल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा कारखान्याच्या कोणत्याही मोठ्या दालनात मान वर करून पाहिले, की छताखालून इकडून तिकडे सरकणारी यारी, म्हणजे क्रेन, दिसते. ही यारी दोन रुळांवर धावते, रूळ लांब तुळयांवर बसविलेले असतात आणि हलक्या यारीच्या बाबतीत या तुळया पोलादी खांबांना जोडलेल्या ब्रॅकेटांवर टेकलेल्या असतात. ब्रॅकेट म्हणजे खांबाने बाजूला पुढे केलेला जणू हातच होय. यारीचे व तिने उचललेल्या मालाचे सर्व ओझे या हातावर पडते आणि हात खांबाला धरून ठेवण्याचे काम वितळजोडाची, म्हणजे वेल्डची, एक अरुंद कड करीत असते. ही कड किती जाड असावी, हे कसे ठरवितात?

सर्वांत आधी सुचणारे उत्तर सोपे आहे. एकूण भाराला जोडाच्या लांबीने भागावे आणि दर मिलिमीटरला जेवढा भार येईल तेवढा पेलणारा जोड निवडावा. परंतु हे उत्तर चुकीचे आहे, आणि चूकही थोडीथोडकी नाही. भरलेली घागर छातीशी धरली तर सहज पेलते. तीच हात लांब करून धरली तर खांद्याला रग लागते. घागरीचे वजन तेच असते, पण ती खांद्यापासून दूर गेलेली असते. ब्रॅकेटवरील भारही जोडापासून असाच दूर पडतो. अशा भाराला उत्केंद्री भार म्हणतात. तो जोडाला खाली तर ओढतोच, पण त्याबरोबर पीळही देतो.

जोडाचे माप आणि त्याचा कंठ

दोन प्लेटी एकमेकींवर ठेवल्या असता त्यांच्या कडेपाशी जो कोपरा तयार होतो, तो वितळलेल्या धातूने भरून काढला, की त्यास फिलेट जोड म्हणतात. त्याचा छेद साधारणपणे काटकोन त्रिकोणासारखा असतो. काटकोनाच्या दोन बाजूंपैकी एकीची लांबी हे जोडाचे माप होय. परंतु जोड तुटतो तो या बाजूंवर नव्हे. कोपऱ्यापासून तिरप्या बाजूपर्यंत जे सर्वांत कमी अंतर असते, तेथे तो तुटतो. या अंतरास कंठ म्हणतात आणि तो मापाच्या ०.७ पट धरतात. ६ मिलिमीटर मापाच्या जोडाचा कंठ म्हणून ४.२ मिलिमीटरच भरतो.

नेहमीच्या बांधकामी पोलादाची ताणातील अंतिम शक्ती दर चौरस मिलिमीटरला ४१० न्यूटन धरली जाते. फिलेट जोड कातरला जातो असे मानून ही संख्या ३ च्या वर्गमुळाने भागतात. नंतर कारखान्यात केलेल्या जोडासाठी १.२५ ने आणि प्रत्यक्ष बांधकामाच्या जागी केलेल्या जोडासाठी १.५ ने पुन्हा भागतात. भारतीय मानक आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीतील ही रीत आहे. तिने कंठाच्या दर चौरस मिलिमीटरला अनुक्रमे १८९ व १५८ न्यूटन इतके बळ मिळते. उंचावर, वाऱ्यात व अवघडलेल्या स्थितीत केलेला जोड कारखान्यातील जोडाइतका विश्वसनीय नसतो, हेच या फरकाचे कारण आहे.

एका ब्रॅकेटचे गणित

उदाहरणादाखल दुरुस्ती दालनातील लहान यारीचे ब्रॅकेट घ्यावे. खांबाच्या रुंद पाखेवर, म्हणजे फ्लँजवर, १२ मिलिमीटर जाडीची प्लेट ठेवून ती तीन बाजूंनी जोडली आहे. खांबावर टेकलेल्या टोकाशी ३०० मिलिमीटरचा एक उभा जोड आहे, आणि वरच्या व खालच्या कडेला प्रत्येकी २०० मिलिमीटरचा एकेक आडवा जोड आहे. म्हणजे जोडाचा आकार चौकटीची उजवी बाजू काढून टाकावी तसा झाला. त्याची एकूण लांबी ७०० मिलिमीटर. यारीचे हिसके धरून या प्लेटवर ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८ टन भार येतो असे समजावे. सुरक्षिततेसाठी त्याची दीडपट करून १२० किलोन्यूटन हिशेबात घ्यावेत. हा भार आडव्या जोडांच्या उजव्या टोकांपासून आणखी २०० मिलिमीटर उजवीकडे पडतो.

प्रथम सरळ वाटणी पाहावी. १,२०,००० न्यूटनांना ७०० ने भागले असता दर मिलिमीटरला सुमारे १७१ न्यूटन येतात. एवढ्यासाठी सव्वा मिलिमीटरहून थोडे मोठे माप पुरे झाले असते. इतका बारीक जोड जाड प्लेटवर फार लवकर थंड होऊन ठिसूळ बनतो. म्हणून या जाडीला मानकाने ५ मिलिमीटरची किमान मर्यादा घातली आहे. घाईत असलेला आरेखक येथेच थांबतो, ५ हा आकडा लिहितो आणि आपण जवळजवळ चौपट सुरक्षित आहोत अशी समजूत करून घेतो.

आता पिळाचा विचार करावा. पीळ जोडाच्या मध्यबिंदूभोवती बसतो. हा बिंदू उभ्या जोडापासून ५७ मिलिमीटर उजवीकडे येतो. तेथून भारापर्यंतचे अंतर ३४३ मिलिमीटर भरते. भार व अंतर यांचा गुणाकार, म्हणजे पिळाचे परिबल, सुमारे ४ कोटी ११ लाख न्यूटन-मिलिमीटर होतो. जोडाचा जो भाग मध्यबिंदूपासून जितका लांब, तितका तो पिळाला अधिक विरोध करतो आणि तितकेच अधिक बळ स्वतःवर ओढून घेतो. जोडाच्या प्रत्येक बारीक तुकड्याची लांबी त्याच्या अंतराच्या वर्गाने गुणून सर्व गुणाकारांची बेरीज केली, तर या आकारासाठी ती सुमारे १ कोटी ४३ लाख घन मिलिमीटर येते. परिबलाला या बेरजेने भागले की २.८८ हा आकडा मिळतो. याचा अर्थ असा, की मध्यबिंदूपासूनच्या प्रत्येक मिलिमीटर अंतरामागे जोडाच्या एक मिलिमीटर लांबीवर २.८८ न्यूटन बळ येते.

सर्वांत दूरचा बिंदू म्हणजे आडव्या जोडाचे उजवे टोक. ते मध्यबिंदूच्या उजवीकडे १४३ आणि वर १५० मिलिमीटर आहे. पिळामुळे तेथे खालच्या दिशेने ४११ आणि आडव्या दिशेने ४३२ न्यूटन बळ येते. सरळ वाटणीचे १७१ न्यूटनही खालच्याच दिशेचे असल्याने उभे बळ ५८२ होते. पायथागोरसाच्या नियमाने ५८२ व ४३२ यांचे एकत्रित बळ दर मिलिमीटरला ७२५ न्यूटन भरते. सोप्या उत्तराच्या हे सव्वाचार पट आहे!

कारखान्यात केलेला ५ मिलिमीटरचा जोड दर मिलिमीटरला ६६२ न्यूटन पेलतो. म्हणजे तो अपुरा आहे. ६ मिलिमीटरचा जोड ७९४ न्यूटन पेलतो, तो पुरेसा आहे. हाच जोड बांधकामाच्या जागी करावयाचा असेल, तर ६ चेही बळ ६६४ वर उतरते व ७ मिलिमीटरचा जोड घ्यावा लागतो.

याच गणितात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. उभ्या जोडाच्या मध्यावर पीळ वरच्या दिशेने लोटतो, तर भार खाली ओढतो. वरचे १६४ व खालचे १७१ न्यूटन एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात आणि उरतात केवळ ७ न्यूटन. एकाच जोडाचा एक भाग जवळजवळ निष्क्रिय असतो आणि दुसरा शंभर पटींनी अधिक राबत असतो.

जाडी वाढवावी की उंची?

जोड कमी पडल्यास तो जाड करावा, हा विचार स्वाभाविक आहे. परंतु तो महागात पडतो. जोडाला लागणारा धातू मापाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वरील ब्रॅकेटला ६ मिलिमीटर मापाने सुमारे १२.६ घन सेंटिमीटर धातू लागतो. त्याऐवजी प्लेटची उंची ३०० वरून ४०० मिलिमीटर केली, तर जोडाचे भाग मध्यबिंदूपासून दूर जातात आणि टोकावरील बळ ७२५ वरून ५२९ न्यूटनांवर येते. आता ५ मिलिमीटरचा जोड पुरतो आणि धातू लागतो १० घन सेंटिमीटर. जोड लांब झाला, तरी धातू कमी लागला. प्लेट मात्र थोडी मोठी घ्यावी लागते.

कागदावरचे माप प्रत्यक्षात उतरले आहे की नाही, हे पाहणे तेवढेच आवश्यक असते. जोडाचा पृष्ठभाग आत खोलगट राहिल्यास बाजू ६ मिलिमीटर भरूनही कंठ ४.२ पेक्षा कमी असतो. म्हणून मापक केवळ बाजूला लावून चालत नाही; कंठही मोजावा लागतो. प्लेट व खांब यांच्यामध्ये २ मिलिमीटर फट राहिली, तर ६ मिलिमीटरचा दिसणारा जोड ४ मिलिमीटरचेच काम करतो. जोड झाल्यावर ही फट दिसेनाशी होते. म्हणून ती आधीच पातळ पट्टीने तपासावी आणि फटीइतके माप वाढवावे. तिसरा दोष जोडाच्या टोकाशी असतो. विद्युत्-ठिणगी जेथे विझते, तेथे धातूत लहानसा खड्डा पडतो. या ब्रॅकेटमध्ये सर्वांत जास्त बळ नेमके टोकावरच येते. म्हणून हिशेबात धरलेल्या लांबीपेक्षा जोड दोन्ही टोकांना मापाइतका पुढे नेतात आणि शेवटचा खड्डा भरून काढतात.

या गणितालाही मर्यादा आहेत. प्लेट मुळीच वाकत नाही आणि जोडाचा प्रत्येक भाग अंतराच्या प्रमाणातच बळ घेतो, असे त्यात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात टोकाचा धातू थोडा ताणला जातो व काही बळ शेजारच्या भागाकडे सरकते. त्यामुळे संथ भाराच्या बाबतीत हे उत्तर सुरक्षिततेच्या बाजूला राहते. मात्र यारी दिवसातून शेकडो वेळा येत-जात असेल, तर एका वेळी सहज पेलणारा जोडही कालांतराने टोकापासून तडकू शकतो. या थकव्याची तपासणी वेगळी करावी लागते. वितळलेल्या पोलादाची पात्रे उचलणाऱ्या अवजड यारींसाठी तर ब्रॅकेट सहसा वापरीतच नाहीत. तेथे खांबालाच पायरी देऊन तुळई थेट खांबाच्या खालच्या भागावर टेकवितात. भार जोडापासून दूर पडू न देणे, हाच तेथील उपाय होय. ज्या ब्रॅकेटवर भार दूर पडणे अटळ आहे, त्याच्या जोडाची पाहणी करणाऱ्याने मापक प्रथम आडव्या जोडाच्या टोकाशी लावावा.