बाथरूमच्या जाळीतून गटाराचा वास का येतो?

मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो. महिन्याभराने परत येऊन दार उघडलं, तर बाथरूममधून गटाराचा वास. फरशी कोरडी, स्वच्छ. अम्मींनी फिनेल टाकायला सांगितलं. टाकलं, पण तासाभरात वास पुन्हा हजर. मग आम्ही जाळीच उचलून पाहिली.

जाळीखाली जे भांडं बसवलेलं असतं त्याला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आमच्या ट्रॅपमध्ये मधोमध एक उभी नळी आहे आणि तिच्यावर एक वाटी उलटी ठेवलेली आहे. अंघोळीचं पाणी वाटीच्या कडेखालून आत शिरतं, वर चढतं आणि नळीच्या तोंडातून ड्रेनेजमध्ये उतरतं. पाणी थांबलं की नळीच्या तोंडाइतकं पाणी भांड्यात शिल्लक राहतं आणि वाटीची कड त्यात बुडालेली असते. हीच पाण्याची सील. पाइपातला वायू पाणी ढकलून वर येऊ शकत नाही.

महिनाभर पाणी पडलं नाही, उन्हाळ्यात होतं तेही सुकलं. पातळी वाटीच्या कडेखाली गेली आणि वायूला वाट मोकळी झाली. म्हणजे फिनेलचं इथे काम नव्हतं, पाण्याचं होतं. दोन तांबे पाणी ओतलं, थोड्या वेळाने वास गेला.

पण सील किती खोल आहे? आम्ही कोरड्या वाटीला बाहेरून खडू फासला, भरलेल्या ट्रॅपमध्ये ती नीट बसवली आणि उचलली. कडेपासून ओल्या खुणेपर्यंत पट्टी लावली, तर भरलं जेमतेम २० मिलिमीटर. चांगल्या ट्रॅपची सील ५० मिलिमीटर असते. समजा पाणी रोज १ मिलिमीटर सुकलं, तर आमची सील २० दिवसांत संपणार, ५० ची मात्र दीड महिन्याहून जास्त टिकणार. लक्षात ठेवा, मोजायची ती वाटीची बुडालेली उंची. भांड्यात एकूण किती पाणी आहे ते नव्हे.

उथळ सीलचा आणखी एक तोटा आहे. वरच्या मजल्यावर फ्लश केला की कधीकधी पाइपात ओढ निर्माण होते आणि सीलमधलं थोडं पाणी खेचलं जातं. रोज वापर असूनही वास येत असेल, तर हे कारण असू शकतं. पाणी लवकर जात नाही म्हणून काही जण वाटीच काढून ठेवतात. मग सील उरतच नाही. वाटी न काढता तिच्याखाली अडकलेले केस काढावेत.

पाणी भरूनही वास तसाच राहिला, तर ट्रॅपच्या सांध्यात फट असेल. तिथे प्लंबरच लागतो. आम्ही आता खोल सीलचा ट्रॅप बसवून घेतला आहे. शिवाय गावी निघताना जाळीत पाणी ओतून वर चमचाभर खाण्याचं तेल सोडतो. तेलाच्या थरामुळे पाणी हळू सुकतं.