‘टाकीत माणूस पडला, तुम्ही काय कराल?’

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. तिथे ट्रेनी सेफ्टी ऑफिसरच्या इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पेण-रोह्यातल्या मुलांना आम्ही एक प्रश्न नक्की विचारतो: रिकाम्या टाकीत सफाईला उतरलेला कामगार बेशुद्ध पडला, तर?

बरीच मुलं म्हणतात, “लगेच उतरून बाहेर काढू.” इथेच नोकरी हातची जाते, आणि कारखान्यात जीव. आतली हवा खराब असेल तर वाचवायला गेलेलाही कोसळतो. उत्तर असं द्या: “मी उतरणार नाही, कुणाला उतरू देणार नाही. रेस्क्यू टीम बोलावीन. हार्नेसला दोरी असेल तर बाहेरूनच ओढून काढू. आत जायचंच तर टीम हवेचा सिलिंडर लावून जाईल. साधा मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही.”

मग हॅझर्ड आणि रिस्कमधला फरक विचारतील. तोही याच टाकीवर सांगा. आतला विषारी वायू हा हॅझर्ड. त्याने माणसाला इजा होण्याची शक्यता किती आणि इजा किती गंभीर, ही रिस्क. टाकी बाहेरूनच धुता आली तर आत उतरण्याची रिस्कच उरत नाही. उतरावंच लागलं तर आधी पाइपलाइन बंद करून आत हवा खेळवायची, मग मीटरने ज्वलनशील व विषारी वायू आणि ऑक्सिजन तपासायचा. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो; आत 19.5 च्या खाली असेल तर परमिट द्यायचं नाही. “वास येत नाही, म्हणजे वायू नाही” असं मात्र बोलू नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं.