चक्का, ग्रीक योगर्ट आणि साधं दही: प्रोटीन खरंच वाढतं का?

इथे चिखलीत जिमला जाणारी पोरं हल्ली एकच गोष्ट विचारतात, "दादा, ग्रीक योगर्ट घेऊ का घरचं दही चालेल?" मी म्हणतो, आधी आपल्या श्रीखंडाच्या चक्क्याकडे बघा. ग्रीक योगर्ट त्याचाच भाऊ आहे. फरक इतकाच, की चक्क्यातून पाणी जरा जास्त काढलेलं असतं.

हिशोब करून बघू. म्हशीच्या दुधाचं एक किलो दही घ्या. त्यात साधारण ३८ ग्रॅम प्रोटीन आणि ८५ टक्के पाणी धरू. हे दही सुती कापडात बांधून सहा-सात तास टांगलं, तर खालच्या भांड्यात सुमारे ६०० ग्रॅम निवळी जमते आणि वर ४०० ग्रॅम चक्का उरतो. निवळी म्हणजे नुसतं पाणी नाही. त्यात साखर, क्षार आणि चार-पाच ग्रॅम प्रोटीनही जातं. म्हणजे चक्क्यात राहिलं ३३ ग्रॅम. आता १०० ग्रॅमला भागा: दह्यात पावणेचार, चक्क्यात आठ. वाटीला वाटी लावली तर दुपटीपेक्षा जास्त! पण पूर्ण किलोचा हिशोब केला तर प्रोटीन वाढलं नाही, उलट थोडं कमीच झालं. तुमच्या पोटात जागा कमी असेल तर चक्का फायद्याचा; पैसे कमी असतील तर दहीच खा.

आणखी एक गोष्ट, जी जिमवाले विसरतात. पाणी गेलं की फॅटही दाट होतं. म्हशीच्या दह्यात सहा टक्के असेल, तर चक्क्यात पंधराच्या आसपास जातं. फक्त प्रोटीन हवं असेल तर साय काढलेल्या दुधाचं दही टांगा.

आता आंबटपणा. आंबट चव देणारं लॅक्टिक आम्ल पाण्यात विरघळलेलं असतं, त्यामुळे त्यातलं बरंचसं निवळीबरोबर निघून जातं. मग उन्हाळ्यातला चक्का इतका आंबट का लागतो? कारण टांगलेलं असतानाही विरजणातले जिवाणू काम करतच असतात, आणि घरात पस्तीस अंश असले की जोरात करतात. उपाय सोपा: ताजं, गोडसर दही घ्या, चाळणीत कापड घालून फ्रिजमध्येच निथळू द्या. वेळ जास्त लागतो, पण चव टिकते.

निवळी पिवळसर-हिरवट आणि स्वच्छ दिसली तर सगळं ठीक. दुधासारखी पांढरी येत असेल, तर दही नीट लागलेलं नाही, कापड विरळ आहे किंवा तुम्ही पिळलंय. त्या पांढऱ्यातच तुमचं प्रोटीन चाललंय. पिळू नका राव, लटकू द्या!

आणि दुकानातला डबा घेताना नाव नाही, मागचा तक्ता वाचा. काही 'ग्रीक स्टाइल' दही निथळवत नाहीत, दूध पावडर घालून घट्ट करतात. १०० ग्रॅमला प्रोटीन चारच दिसलं, तर ते जाड दिसणारं साधं दहीच आहे.

उरलेली निवळी मात्र फेकू नका. भाकरीचं नाही, पण पोळीचं पीठ त्यात मळा, पोळ्या मऊ होतात.