पीठ आंबतं, पण फुगत का नाही?

जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली उतरला की अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते: रात्री वाटलेलं पीठ सकाळी जसंच्या तसं! उपायही ठरलेला असतो, "दही जरा जास्त घाला." आम्हीही वर्षानुवर्षे हेच करत होतो. मागच्या थंडीत मात्र एकच पीठ दोन पातेल्यांत ठेवून पाहिलं.

तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, वेगवेगळे भिजवून वाटलेले. डाळ अगदी मऊ, तांदूळ किंचित रवाळ. एका पातेल्यात अर्धी वाटी आंबट दही घातलं, दुसऱ्यात काहीच नाही. दोन्ही रात्रभर ओट्यावर झाकून ठेवली.

सकाळी दह्याच्या पिठाला आंबट वास होता, पण ते बोटभरही वर आलं नव्हतं. दुसरं तर निवांत झोपलेलंच होतं.

कारण असं की आंबणं आणि फुगणं ही दोन वेगळी कामं आहेत. दह्यातले जिवाणू मुख्यतः आम्ल तयार करतात, वायू फारसा नाही. इडलीला फुगवणारे जिवाणू उडीद डाळीबरोबरच येतात आणि त्यांना हवी असते ऊब. साधारण तीस अंशांत आठ-दहा तासांत त्यांचं काम होतं, गारठ्यात ते रेंगाळतात. तेवढ्या वेळात दही आपला आंबटपणा आधीच पिठाला देऊन बसलेलं असतं. म्हणून इडलीला दही लागतच नाही.

बिनदह्याचं पातेलं आम्ही बंद ओव्हनमध्ये, शेजारी गरम पाण्याचं भांडं देऊन ठेवलं. पाणी दोनदा बदललं. दुपारी पीठ वर आलं, डाव फिरवताच जाळी दिसली. त्याच्या इडल्या केल्या. अशा पिठाला फार घोटू नये, धरलेली हवा निघून जाते.

दह्याचं पीठ वाया गेलं नाही. त्याचा पांढरा ढोकळा केला. इथे दह्याचा आंबटपणाच कामाला येतो: आम्ल आणि खायचा सोडा भेटले की वायू सुटतो. एका थाळीपुरतं, दोनेक वाट्या पीठ वेगळं काढून पाव चमचा सोडा घातला, एकाच दिशेने हलवलं आणि लगेच उकळत्या पाण्यावर पंधरा मिनिटं वाफवलं. पहिली थाळी हलकी झाली, आंबटपणाही बेताचा. दुसरी थाळी मात्र फसली, कारण तिचं पीठ सोडा घातल्यावर आम्ही फोनवर बोलत तसंच ठेवलं. बुडबुडे पातेल्यातच फुटून गेले आणि ढोकळा चपटा राहिला. सोडा थाळी भरायच्या क्षणीच घालायचा, तोही थाळीपुरत्या पिठालाच.

सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते. बेसनाच्या ढोकळ्यात तो डोळ्यांनाही दिसतो, हळदीवर लाल ठिपके उमटतात. तेव्हा दही कमी पडलं किंवा सोडा नीट मिसळला नाही, असं समजावं.