काचेत दिसते ते आणि काचेमागे दिसते ते

आर्णीच्या बाजारपेठेतून नागपूर–तुळजापूर महामार्ग जातो. या रस्त्यावर एका कापड दुकानाची नवी इमारत गेल्या वर्षी उभी राहिली. दर्शनी बाजू जमिनीपासून छतापर्यंत काचेची, वर प्रकाशित अक्षरांची पाटी. दसऱ्याला उद्घाटन व्हायचे होते. त्याआधी पत्रिकेवर छापण्यासाठी ‘दुकान रात्री कसे दिसेल’ याचे चित्र हवे होते. ते संगणकावर तयार करण्याचे काम माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे आले. चित्र घेऊन तो घरी आला आणि म्हणाला, “सर, मालक म्हणतात चित्र छान आहे, पण खोटं वाटतं. कुठे खोटं आहे ते मात्र त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही.”

चित्र खरोखरच देखणे होते. काचेत समोरची झाडे, घरे आणि निळसर आकाश आरशासारखे दिसत होते. आतले दुकानही लख्ख दिसत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी! खोट येथेच होती.

विद्यार्थी मित्रांनो, काच प्रकाश आरपार जाऊ देते हे आपण जाणतोच. पण सगळा प्रकाश ती जाऊ देत नाही. हवेतून काचेत शिरताना प्रकाशाचा थोडा भाग पृष्ठभागावरूनच परत फिरतो. किती? किरण सरळ समोरून येत असेल तर हिशेब सोपा आहे. काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५. त्यातून १ वजा केला तर ०.५ उरतात. त्यात १ मिळवला तर २.५ होतात. ०.५ ला २.५ ने भागले की ०.२, आणि त्याचा वर्ग ०.०४. म्हणजे शेकडा ४. काचेला पृष्ठभाग दोन, पुढचा आणि मागचा, म्हणून एकूण सुमारे शेकडा ८. (खात्री करायची असेल तर जाड काचेजवळ तिरपी पेटती मेणबत्ती धरून पाहा. एकाशेजारी एक अशा दोन ज्योती दिसतील.)

हे शेकडा ८ दिवसाही तेवढेच आणि रात्रीही तेवढेच. मग तीच काच दुपारी आरसा आणि रात्री खिडकी कशी होते? फरक काचेत नाही, दोन बाजूंच्या उजेडात आहे. दुपारच्या उन्हात समोरच्या भिंतीवर ५०,००० लक्स उजेड पडतो असे धरा. भिंत त्यातला निम्मा परत पाठवते, म्हणजे २५,०००. काच त्याचे शेकडा ८ परावर्तित करते, ते झाले २,०००. दुकानात कपड्यांवर ५०० लक्स उजेड असेल आणि कापडही निम्माच परत पाठवत असेल, तर उरले २५०. काचेतून बाहेर येईपर्यंत त्याचे २१० च्या आसपास होतात. दोन हजारांपुढे दोनशे दहांचा पाड काय लागणार! म्हणूनच दुपारी काचेला नाक लावून, डोळ्यांभोवती हातांचा आडोसा करून आत डोकवावे लागते.

आता रात्र घ्या. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड समोरच्या भिंतीवर २० लक्स पडला तर त्यातले १० परततात आणि त्याचे शेकडा ८ म्हणजे ०.८. आतले २१० मात्र कायम. आता प्रतिबिंब आतल्या कपड्यांच्या अडीचशेव्या भागाहूनही फिके आहे. झाडे, घरे, भिंती काचेतून नाहीशा होतात. माझ्या विद्यार्थ्याने दुपारच्या फोटोतले प्रतिबिंब रात्रीच्या काचेवर चिकटवले होते. नजरेला हे पटत नाही, मग कारण सांगता येवो न येवो.

“म्हणजे रात्री काचेत काहीच दाखवायचं नाही?” त्याने विचारले. तसेही नाही. जे स्वतः प्रकाशते ते दिसतेच. मोटारींचे दिवे, रस्त्यावरचे दिवे आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या. आतल्या कापडाचे तेज १०० मानले आणि समोरची पाटी त्याच्या सहापट तेजस्वी असली, तर तिचे प्रतिबिंब ४८ चे होईल. कापड काचेतून दिसेल ८५ चे. निम्म्याहून जास्त झाले की! असे प्रतिबिंब न दाखवणे हेही खोटेच.

दुसरी चूक अधिक मजेदार होती. दुकानाच्या स्वतःच्या पाटीचे प्रतिबिंब त्याने खालच्या काचेत दाखवले होते. पाटी आणि काच एकाच सपाटीत आहेत आणि पाटीचा प्रकाश रस्त्याकडे जातो. आरशाच्या चौकटीवर रस्त्याकडे तोंड करून लावलेले चित्र त्याच आरशात दिसेल काय? भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली पाटी असती तर गोष्ट वेगळी.

पाटीवरून आणखी एक बाब निघाली. अक्षरे काचेपासून चार बोटे पुढे बसवायची, त्यांच्या मागे बारीक एलईडी दिवे लावायचे आणि प्रत्येक अक्षराभोवती मऊ प्रभावळ उमटवायची असा मालकांचा बेत होता. चित्रात ती प्रभावळ होतीही. पण अशी प्रभावळ पडायला मागे खडबडीत, न चकाकणारी भिंत लागते, कारण तीच प्रकाश चहूकडे विखुरते. गुळगुळीत काच प्रकाश विखुरत नाही, आरशाप्रमाणे एकाच दिशेने परत पाठवते. तेव्हा प्रभावळीऐवजी काचेत एकेका दिव्याचा ठिपका दिसला असता, ज्वारीचे दाणे ओळीने मांडावेत तसा. अक्षरांमागे मंद पांढरा पत्रा लावायचे ठरले. चित्र तपासताना निघालेली ही चूक उद्घाटनानंतर कळली असती तर सगळी अक्षरे उतरवावी लागली असती.

प्रतिबिंब किती तेजस्वी, हे आपण कोठे उभे आहोत यावरही ठरते. फ्रान्समधील शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात याचे गणित मांडले. काचेला काढलेल्या लंबाशी ६० अंशांच्या कोनातून पाहिले तर शेकडा ८ चे सुमारे १६ होतात. ८० अंशांतून, म्हणजे काचेच्या कडेने जवळजवळ समांतर पाहिले, तर निम्म्याहून अधिक प्रकाश परत येतो. म्हणून समोरून चाललेल्या माणसाला दुकानाचा जवळचा भाग स्वच्छ दिसतो आणि दूरचे टोक दिव्यांच्या प्रतिबिंबांनी भरलेले दिसते. चित्रात मात्र सगळीकडे सारखेच प्रतिबिंब होते.

शिवाय ते सलगही होते. प्रत्यक्षात दर्शनी भाग चारपाच वेगळ्या काचांचा असतो आणि कोणतीच काच शेजारणीच्या नेमक्या सपाटीत बसत नाही. आरसा अर्धा अंश वळला तर परावर्तित किरण एक अंशाने वळतो. पंधरा मीटरवरील पाटीच्या जागी एवढ्याने सुमारे २६ सेंटीमीटरचा फरक पडतो. त्यामुळे सांध्यापाशी प्रतिबिंब तुटते. कडक केलेली काच भट्टीत रुळांवरून, सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असताना पुढे सरकते. तेव्हा ती किंचित लहरी होते, आणि नळीदिव्याची सरळ रेघ तिच्यात नागमोडी दिसते. तो हे दोष चित्रात घालायला तयार नव्हता. मी म्हटले, “घालून तर बघ.”

आठ दिवसांनी तो सुधारलेले चित्र घेऊन आला. आता झाडे गेली होती, प्रतिबिंब सांध्यांवर तुटत होते, दूरचे टोक उजळले होते. पण त्याचा चेहरा पडलेला. समोरच्या औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी बरोबर नवरीच्या शालूवर येत होती! प्रतिबिंब काचेपुढे पाटी जेवढी लांब तेवढेच काचेमागे पडते, आणि फाटकातून येणाऱ्या गिऱ्हाईकाची नजर शालूतून नेमकी तिकडेच जात होती. पाटी दुसऱ्याची, ती विझवता येत नाही. मग शालूवरच रोख दिवे टाकून तेथला उजेड ५०० वरून १,५०० लक्स करायचे ठरले. शालूचे तेज ८५ वरून २५५ झाले, प्रतिबिंब ४८ चेच राहिले. दसऱ्याच्या संध्याकाळी मी मुद्दाम फाटकात उभा राहून पाहिले. हिरवी छटा शोधली तर सापडत होती, पण गिऱ्हाइकांतले कोणी ती शोधत नव्हते.